कणकेला उजेड, जाळाला अंधार

गव्हाच्या पिठाच्या जाहिरातीचं चित्र म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एका बाजूला कणीक मळणारे हात, दुसऱ्या बाजूला जाळावर टम्म फुगलेला फुलका. पुण्यात खाद्यपदार्थांचं छायाचित्रण करताना ही मागणी माझ्याकडे वारंवार आली आहे. कधी दुकानाच्या पाटीसाठी, कधी वेबसाइटच्या माथ्यासाठी, कधी चौकातल्या फ्लेक्ससाठी. वाचायला सोपी वाटणारी ही मागणी कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की अवघड होते, कारण दोन्ही गोष्टींना लागणारा प्रकाश एकमेकांच्या विरुद्ध आहे. पीठ उजेडात खुलतं आणि गॅसचा निळा जाळ अंधारातच दिसतो. खाली लिहिलेलं सगळं या एका पेचाभोवती फिरतं. उदाहरण म्हणून एका मध्यम आकाराच्या पीठगिरणीसाठी केलेलं आडवं बॅनर घेते. ते उंचीच्या तिप्पट रुंद होतं. डावीकडे हात, उजवीकडे फुलका आणि मधे अक्षरांसाठी मोकळी जागा, अशी त्याची मांडणी होती.

१. आधी पोळी कुठली ते विचारा

गिरणीच्या मालकांनी पहिल्या बैठकीत सांगितलं, "पोळी फुगताना दाखवा." मी विचारलं, घडीची पोळी की फुलका? मराठी घरात घडीची पोळी तव्यावरच फुगते. तेल लावून घडी घातलेले पदर तव्याच्या उष्णतेनं सुटतात, तिला जाळाची गरज नसते. जाळावर जातो तो फुलका. तो एकेरी लाटलेला असतो, त्यात तेलाची घडी नसते. घडीची पोळी जाळावर धरली तर तिच्या पदरांतून वाफ कुठूनही निसटते, ती सारखी फुगत नाही आणि तेलामुळे धूर करते. जी बाई रोज पोळ्या करते तिला असं चित्र पाहताक्षणी खोटं वाटेल, आणि पीठ विकत घेणारी तीच असते.

म्हणून आम्ही फुलका ठरवला आणि त्यावरून पुढच्या सगळ्या गोष्टी ठरल्या. कणीक किती सैल, गोळा केवढा, तवा कुठे आणि शेगडी कुठे, हे सगळं पदार्थाच्या नावावर अवलंबून असतं. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

२. पुड्यातलं पीठच परातीत पडलं पाहिजे

फुलका हमखास फुगावा म्हणून कणकेत मैदा मिसळण्याचा किंवा फुलक्याला बारीक भोक पाडून पंपानं हवा भरण्याचा सल्ला या कामात मिळतोच. मी तो घेत नाही. पहिलं कारण सरळ आहे: ज्या पिठाचं चित्र आहे ते पीठ चित्रात नसेल तर ती फसवणूक होते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. दुसरं कारण डोळ्यांचं आहे. मैदा मिसळलेल्या कणकेचा पापुद्रा गुळगुळीत आणि पांढरट दिसतो. कोंड्याचे बारीक तपकिरी ठिपके विरळ होतात आणि जाळाचे डाग वेगळ्या तऱ्हेनं पडतात. हवा भरलेला फुलका तर चेंडूसारखा सगळीकडून सारखा ताणलेला असतो. वाफेनं फुगलेल्या फुलक्याला एका बाजूला थोडा जास्त फुगवटा असतो आणि कडेला बारीक सुरकुती राहते. ती सुरकुतीच त्याचा खरेपणा सांगते.

गिरणीकडून मी तीन-चार पुडे एकाच दिवशी दळलेले मागवते. दगडी जात्यावरच्या दळणात गव्हातल्या पिष्टाचे कण जास्त तुटतात, म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं. दुसऱ्या दळणाचं पीठ आलं तर कालचं पाण्याचं माप आज चालत नाही. त्या बॅनरच्या पिठाला ५०० ग्रॅमला सुमारे ३२५ मिलिलिटर पाणी लागलं, म्हणजे पिठाच्या वजनाच्या ६५ टक्के. त्यातून साधारण ८२५ ग्रॅम कणीक झाली आणि ३० ग्रॅमचे सत्तावीस गोळे निघाले. चित्रासाठी एकच फुलका लागतो, पण तो एकच मिळवायचा तर एवढी तयारी ठेवावी लागते.

कणकेत मीठ घालत नाही. ही चवीची गोष्ट नाही. मिठातलं सोडियम जाळात गेलं की निळा जाळ पिवळा-केशरी होतो, आणि आम्हाला निळा हवा होता.

३. हात कुणाचे, हे प्रकाशापेक्षा आधी ठरवा

हातांच्या मॉडेल मिळतात. त्यांचे हात सुंदर असतात, पण परातीत पडले की गोंधळतात. बोटांनी पीठ गोळा करायचं, मुठीनं दाबायचं, तळहाताच्या टाचेनं पुढे ढकलायचं आणि घडी घालून परत फिरवायचं, या क्रमाला एक लय असते आणि ती सवयीनंच येते. नवख्या हातात बोटं ताठ राहतात, अंगठा बाहेर निघतो, मनगट उचललेलं दिसतं. स्थिर चित्रातसुद्धा हे कळतं.

या कामासाठी पोळी-भाजी केंद्रात वर्षानुवर्षं पोळ्या करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. त्यांच्या बोटांवर तव्याचे जुने चटके होते. गिरणीच्या कला-दिग्दर्शकानं ते नंतर संगणकावर पुसायला सांगितले, मी नाही म्हटलं आणि तसं का ते त्यांना समजावलं. नखं कापलेली आणि स्वच्छ, नखांना रंग नाही, अंगठी काढलेली, एवढं पुरे. अंगठी काढायची कारण तिच्या खाचेत कणीक अडकते आणि मोठ्या चित्रात ती मळासारखी दिसते. काचेच्या बांगड्या मात्र राहू दिल्या. फक्त त्या मनगटापासून थोड्या वर सारून आतून कागदी टेपच्या तुकड्यानं धरून ठेवल्या, म्हणजे दर दाबाला खाली घसरत नाहीत आणि त्यांच्यावरची चमक एका जागी राहते.

मावशींनी पहिल्यांदा कणीक मळली ती कॅमेऱ्याकडे न बघता, आपल्या नेहमीच्या वेगानं. तेव्हा मी एकही चित्र काढलं नाही, फक्त पाहत राहिले. कुठल्या क्षणी हात सर्वांत बोलके होतात ते त्यातून कळलं.

४. मळण्यातला मधला टप्पा

कोरडं पीठ आणि पाणी नुकतंच एकत्र येतं तेव्हा परातीत ढेकळं असतात आणि बोटांना चिकटा असतो. ते दृश्य कुणालाच आवडत नाही. पूर्ण मळून झालेली कणीक गुळगुळीत गोळा असते, तिच्यावर हातांचं काम दिसत नाही. या दोहोंच्या मधे एक काळ येतो. कणीक एकजीव झालेली असते, पण मुठीचे ठसे तिच्यावर थोडा वेळ टिकतात आणि बोटांच्या सांध्यांचे खळगे स्पष्ट उमटतात. चित्र तिथलं घ्यायचं. या खळग्यांत सावली बसते, आणि सावली असली की कणीक मऊ आहे हे डोळ्यांना कळतं.

सावली बसायची तर उजेड आडवा हवा. खिडकीतून येतो तसा, डावीकडून आणि थोडा मागून, परातीच्या काठाला घासून जाणारा. समोरून उजेड टाकला की खळगे भरून जातात आणि कणीक लिंपलेल्या मातीसारखी सपाट दिसते. मी मोठा सॉफ्टबॉक्स डावीकडे मागे लावते आणि उजवीकडे पांढरा थर्माकोल ठेवते. सावली अगदी काळी पडू नये एवढ्यापुरतंच त्याचं काम.

कणकेचा रंग पाहणं हे वेगळंच काम आहे. चांगली कणीक फिकट बदामी असते. कॅमेऱ्याचा रंगतोल थोडा थंड गेला की ती मैद्यासारखी पांढरी दिसते, थोडा उबदार गेला की जुन्या पिठासारखी पिवळी. सुरुवातीला राखाडी पत्ता परातीत ठेवून एक चित्र घ्यायचं आणि दिवसभर त्यावरून रंग जुळवायचा. आणि कणीक बदलत राहायची. गव्हाच्या पिठाची कणीक काही तासांत काळपट राखाडी होते, कारण कोंड्याजवळच्या भागातली द्रव्यं हवेशी मिळून रंग बदलतात. सकाळची कणीक दुपारी कॅमेऱ्यासमोर चालत नाही, चवीला ती कितीही चांगली असली तरी. शिवाय दिव्यांच्या उष्णतेनं तिच्यावर खपली धरते. दोन चित्रांच्या मधे ओलसर पंचा झाकून ठेवला की हे टळतं. तेलाचं बोट फिरवून चमक आणता येते, पण फारच थोडं, नाहीतर ती पुरणपोळीची कणीक वाटते.

बोटांच्या हालचालीसाठी शटर १/२५० सेकंद ठेवलं तर हात गोठतात. १/६० ठेवलं आणि सतत पेटणारा दिवा वापरला तर मनगटाजवळ किंचित धूसरपणा येतो आणि मुठीची कड स्पष्ट राहते. मला दुसरं जास्त आवडतं. मावशींना फक्त एक विनंती केली, "मावशी, दाबून झाल्यावर क्षणभर थांबा आणि मग हात उचला." दाब संपतो आणि हात मागे यायला लागतो, त्या क्षणी चित्र सर्वांत घट्ट येतं.

५. फुलका का फुगतो, हे कळल्याशिवाय तो कॅमेऱ्यासमोर फुगत नाही

ही गोष्ट मी सर्वांत जास्त वेळ देऊन शिकले. फुलक्याला दोन पापुद्रे असतात, वरचा आणि खालचा, पण लाटताना ते वेगळे नसतात. तव्यावर पहिली बाजू टाकली की ती कोरडी होऊन तिचं पातळ कवच बनतं. उलटल्यावर दुसऱ्या बाजूचं बनतं. दोन कवचांच्या मधे ओलसर कणीक राहते. मग फुलका थेट जाळावर गेला की मधल्या ओलीची एकदम वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं. कवचं वाफेला बाहेर जाऊ देत नाहीत आणि गव्हातलं ग्लुटेन त्यांना ताणू देतं, म्हणून मधला भाग सुटतो आणि फुलका वर येतो.

यातली एकही पायरी चुकली की काय होतं, ते पाहून ओळखता येतं. पहिली बाजू तव्यावर फार वेळ राहिली तर कवच कडक होतं. मग फुलका थोडा वर येतो आणि कडकडून फुटतो. फार कमी वेळ राहिली तर कवच बनतच नाही, फुलका जाळीला चिकटतो आणि वाफ जागोजागी निसटते. कड जाड आणि मधला भाग पातळ लाटला तर मधेच गुबगुबीत होतो आणि कड पानासारखी सपाट राहते. लाटताना घडी पडली किंवा नखाची खूण राहिली तर तिथेच छिद्र पडतं, आणि एका छिद्रानं पूर्ण फुलका बसतो. पिठी जास्त राहिली तर ती जाळात जळून काळे ठिपके पाडते आणि जाळात केशरी ठिणग्या उडवते.

आमचा क्रम असा ठरला. कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवायची, म्हणजे पाणी कोंड्यात नीट मुरतं आणि लाटताना ती आक्रसत नाही. ३० ग्रॅमचा गोळा साधारण १५ सेंटिमीटरचा आणि सगळीकडून सारखा लाटायचा. लाटल्यावर पिठी दोन्ही तळहातांवर हलकेच आपटून झाडायची. तवा चांगला तापलेला. पहिली बाजू वीसेक सेकंद, म्हणजे रंग बदलून बारीक बुडबुडे दिसेपर्यंत. दुसरी बाजू त्याच्या दुप्पट, खाली तपकिरी डाग येईपर्यंत. मग पहिली बाजू खाली करून जाळावर.

मावशी म्हणाल्या, "ताई, जाळावर टाकायच्या आधी फडक्यानं कड दाबा, वाफ सगळीकडं फिरते." तव्यावर दुसरी बाजू शेकत असताना त्या फडक्याच्या बोळ्यानं कडेभोवती हलकेच दाबत होत्या. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. दाबलेला फुलका जाळावर गेल्यावर एका बाजूनं उठून थांबत नाही, पूर्ण वर्तुळ उचलून येतो. त्या आणखी एक सांगत होत्या: कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. कडक कणकेत मधे ओल कमी राहते, मग वाफ कुठून येणार?

६. जाळ दिसायचा तर मागे काळोख हवा

गिरणीला बॅनर उजळ, दुधी रंगाचं हवं होतं. पण गॅसचा चांगला जाळ निळा आणि फार मंद असतो. त्याच्या मागे पांढरी भिंत असेल तर तो कॅमेऱ्याला दिसतच नाही, फुलका हवेत तरंगतो आहे असं वाटतं. पिवळा जाळ उजेडात दिसतो, पण पिवळा जाळ म्हणजे गॅस नीट जळत नाही, त्यानं तव्याला आणि फुलक्याला काजळी धरते. घरोघरची बाई पिवळा जाळ दिसला की बर्नर साफ करते.

म्हणून बॅनरचा पाया काळा कडप्पा ठरवला. डावीकडे परातीमागे खिडकीचा उजेड आणि उजवीकडे जाळामागे अंधार. मधला कडप्पा करड्यापासून काळ्याकडे सरकत जातो आणि तिथे पांढरी अक्षरं बसतात. पाटी दुधी झाली नाही, पण पीठ पूर्वीपेक्षा जास्त पांढरं दिसलं, कारण त्याच्या शेजारी गडद काहीतरी आलं होतं. हे मालकांना पटवण्यासाठी मी दोन्ही प्रकारची कच्ची चित्रं शेजारी शेजारी ठेवली. उजळ पाटीवरचा जाळ शोधावा लागत होता.

आता दोन्ही चित्रं एका आडव्या चौकटीत बसायची तर मापाचा प्रश्न येतो. परात ३५ सेंटिमीटरची, फुलका १५ चा. दोन्ही एकाच अंतरावर ठेवले तर फुलका परातीशेजारच्या वाटीएवढा दिसतो. त्यासाठी शेगडी कॅमेऱ्याच्या जवळ, साधारण ६० सेंटिमीटरवर ठेवली आणि परात तिच्या मागे डावीकडे, ११० सेंटिमीटरवर. ३५ मिमीच्या भिंगातून परातीनं चौकटीची जेमतेम एक तृतीयांश रुंदी घेतली, फुलक्यानं एक चतुर्थांश, आणि मधे भरपूर जागा उरली. शेगडी अगदी काठाशी लावली नाही. रुंद भिंगात काठावरची गोल वस्तू ताणली जाते आणि फुलका लांबट दिसतो. कॅमेरा तिपाईवर जो बसवला तो हलवला नाही, शेगडी आणि परातीच्या जागा खडूनं आखून घेतल्या. हात आणि फुलका वेगवेगळ्या वेळी टिपले आणि नंतर जोडले, कारण एकावर नेम धरला की दुसरा धूसर होतो. पण दोन्ही वेळा दिवा डावीकडेच, म्हणून जोड दिसत नाही. उजवीकडे जाळामागे दिव्याचा उजेड पडू नये म्हणून मधे काळा पुठ्ठा उभा केला.

जाळ टिपण्याचं गणित असं आहे. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता असतो, त्यामुळे फुलका त्यात गोठतो. जाळाचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडं तितका साठतो. म्हणजे फ्लॅश फुलक्यासाठी आणि शटरचा वेळ जाळासाठी, अशी विभागणी होते. माझ्या स्टुडिओत आयएसओ ४००, छिद्र एफ ५.६ आणि शटर १/३० च्या आसपास जाळ नीट निळा येतो. १/१० ठेवलं तर जाळाच्या जिभा एकमेकांत मिसळून धुकं होतं. १/२०० ला तो जवळजवळ नाहीसा होतो. खोलीतले सगळे दिवे आणि फ्लॅशमधला मार्गदर्शक दिवा बंद करावा लागतो, नाहीतर १/३० सेकंदात फुलक्याची हललेली छाया उमटते. पंखा आणि एसीही बंद, कारण जाळ वाऱ्यानं एका अंगाला झुकतो.

फ्लॅश कमी ताकदीवर ठेवते. ताकद जास्त असली की पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि फुलका दोन-तीन सेकंदांत पूर्ण फुगून जातो. त्या अवधीत सेकंदाला पाच चित्रं मिळाली तर निवडायला दहा-पंधरा चौकटी हाती येतात.

७. पूर्ण फुगलेला की फुगणारा?

माझ्या निवडीवर गिरणीशी सर्वांत जास्त चर्चा झाली ती इथे. त्यांना पूर्ण गोल, टम्म फुलका हवा होता. मी दिला तो तीन-चतुर्थांश फुगलेला, उजवी कड अजून जाळीला टेकलेली आणि तिच्याजवळचा पापुद्रा नुकताच उचलला जात असलेला. पूर्ण फुगलेला फुलका चित्रात स्थिर असतो, तो कुणी तसा बनवून ठेवला असंही वाटू शकतं. ज्याचा एक भाग अजून सपाट आहे तो पाहताना डोळा पुढचा क्षण स्वतः पूर्ण करतो. चर्चा लांबली, पण जाळाची जीभ त्या सपाट कडेखालून बाहेर येत होती आणि पूर्ण फुगलेल्या चौकटीत ती फुलक्याखाली लपली होती. निर्णय तिथे झाला.

वाफेची मागणीही आली. "फुलक्यातून वाफ निघताना दिसू दे." फुगलेल्या फुलक्यातून वाफ निघत असेल तर त्याला छिद्र पडलं आहे आणि तो बसतो आहे. शिवाय वाफ म्हणून आपण जे पांढरं पाहतो ते थंड हवेत बनलेले पाण्याचे बारीक थेंब असतात. जाळावरची हवा इतकी तापलेली असते की तिथे ते तयारच होत नाहीत. वाफ हवी असेल तर ताटात घेऊन फुलका फाडायचा, मागून उजेड टाकायचा आणि मागे गडद रंग ठेवायचा. ते वेगळं चित्र आहे आणि चांगलं आहे, पण या बॅनरचं नाही. संगणकावर वाफ रंगवली असती तर मावशींसारख्या हजारो बायकांना ते पहिल्या नजरेत कळलं असतं.

डागांबद्दलही तेच. जाळाचे तपकिरी डाग हा फुलक्याचा भाग आहे. पिठीमुळे पडलेले कोळशासारखे काळे ठिपके मात्र नकोत. त्यासाठी संगणकाकडे जाण्याआधी पिठी झाडायची.

८. पीठ आणि जाळ एकत्र नको

हवेत उडणाऱ्या पिठाचा ढग चित्रात छान दिसतो, म्हणून कला-दिग्दर्शकाला जाळाच्या बाजूलाच मावशींनी पिठाचे हात झटकावेत असं वाटत होतं. मी थेट नकार दिला. हवेत तरंगणारं बारीक पीठ पेट घेतं. पीठगिरण्यांत या कारणानं स्फोट झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. मोकळ्या खोलीत स्फोट झाला नाही तरी चेहऱ्याजवळ भडका उडू शकतो. पिठाचा ढग हवाच तर मळण्याच्या चित्रात घ्यायचा. तेव्हा शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आणि उघडा जाळ कुठेही नाही. फुलका टिपताना आग विझवायचं यंत्र तिपाईच्या शेजारी आणि एक माणूस फक्त गॅसच्या कळीजवळ.

९. फोनवर आणि फ्लेक्सवर

आडवं बॅनर फोनवर उभं करावं लागतं. तिप्पट रुंद चित्र फोनच्या पडद्यावर चिंचोळी पट्टी बनतं आणि फुलका दिसेनासा होतो. हात आणि फुलका आम्ही मुळातच वेगवेगळे टिपले होते, म्हणून फोनसाठी हात वर, फुलका खाली आणि अक्षरं मधे अशी दुसरी मांडणी करता आली. त्यासाठी टिपतानाच दोन्ही चित्रांच्या वरखाली जागा सोडावी लागते. माझा कॅमेरा ६,००० गुणिले ४,००० बिंदूंचा आहे. आडव्या पाटीसाठी त्यातली मधली २,००० बिंदूंची पट्टी वापरली, उरलेली उभ्या मांडणीला कामी आली. मराठी अक्षरांना वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार असतात. इंग्रजी मजकुराच्या मापानं ओळींमधली जागा ठरवली तर दोन ओळी एकमेकींत घुसतात. मोकळी जागा सोडतानाच हे मोजून घ्यावं.

फ्लेक्सवर छापताना पहिला नमुना आला तेव्हा जाळ जांभळा दिसत होता. पडद्यावरचा लखलखीत निळा छापाईच्या चार शाईंत जसाच्या तसा येत नाही, आणि त्यात मॅजेंटा थोडा जास्त राहिला की तो जांभळ्याकडे झुकतो. छापणाऱ्या दादांना मी मूळ चित्र समोर ठेवून फक्त जाळाच्या भागातला मॅजेंटा उतरवायला सांगितला, फुलक्याच्या रंगाला हात लावू नका म्हटलं. कारण त्याच मॅजेंटानं फुलक्याचे तपकिरी डाग उबदार दिसत होते. दुसऱ्या नमुन्यात जाळ निळा आला आणि डाग तपकिरी राहिले, तेव्हा छपाई सुरू केली.